घरी पहिले प्रॉम्प्ट लिहिताना : चित्रकलेच्या सरांना एका पालकाचं टिपण



पालकसभेत तुम्ही विचारलं होतं की मुलं मोबाईलवर शब्द टाकून चित्रं तयार करायला लागली आहेत, तर घरी नेमकं काय चालतं ते कोणी पालक सविस्तर लिहून देईल का. माझी मुलगी पाचवीत आहे. तिच्यासोबत महिनाभर जे केलं, त्यातलं एकच चित्र घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहितो आहे. इतर शिक्षकांना आणि पालकांनाही त्याचा उपयोग व्हावा, म्हणून पायऱ्या जशा घडल्या तशाच ठेवल्या आहेत.

आधी अडचण सांगतो. मुलीला चित्र काढायची आवड आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. पण आत्येभावाच्या मोबाईलवर तिने दोन-चार गुळगुळीत, चकचकीत चित्रं पाहिली आणि घरी येऊन म्हणाली, "मी काढलेलं कायले पाहिजे? ते तर एका मिनिटात काढते." आठ दिवस तिने पेन्सिलीला हात लावला नाही. म्हणजे धोका मशीनने वाईट चित्र काढण्यात नव्हता. चांगलं दिसणारं चित्र पाहून मुलीचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडत होता, तो धोका होता. बंदी घालून हे सुटणार नाही असं वाटलं, कारण मोबाईल शेजारीही आहे. म्हणून ठरवलं की प्रॉम्प्ट लिहायचे, पण ते तिच्या बघण्यातून आणि तिच्या पेन्सिलीतून निघाले पाहिजेत.

विषय कोणता निवडला आणि का

पहिल्या प्रॉम्प्टसाठी परी, राक्षस, अंतराळ असले विषय मुद्दाम टाळले. परी कशीही आली तरी ती चूक आहे हे मूल सांगू शकत नाही. तपासता येईल असा विषय हवा होता. मुलीने डोळ्यांनी पाहिलेला आणि मशीनला बहुधा नीट माहीत नसलेला. आमच्याकडे असा विषय हाताशी आहे : धानाच्या बांधीतला सारस. महाराष्ट्रात सारस म्हटला की आपला गोंदिया जिल्हाच आठवतो. आमच्या बहिणीचं गाव तिरोड्याहून वैनगंगेच्या बाजूला आहे. तिथे रोवणीच्या दिवसांत मुलीने धुऱ्यावरून सारसाची जोडी पाहिली होती.

पायरी पहिली : मोबाईल बंद, वही उघडी

प्रॉम्प्ट म्हणजे शब्दांत काढलेलं स्मरणचित्र आहे, असं मला वाटतं. एलिमेंटरीच्या परीक्षेला तुम्ही मुलांकडून स्मरणचित्र करून घेता, तेव्हा पाहिलेलं आठवायला लावता. इथेही तेच केलं. मुलीला सांगितलं, "सारस कसा होता ते असं लिही, की ज्याने कधीच पाहिला नाही त्याला काढता आला पाहिजे."

पहिल्या खेपेला तिने तीन गोष्टी लिहिल्या : मोठा पक्षी, लांब पाय, डोकं लाल. मग मी फक्त प्रश्न विचारले, उत्तर एकही दिलं नाही. किती मोठा? "आत्याच्या खांद्यापर्यंत येईल एवढा." अंगाचा रंग? "राखेसारखा." लाल कुठून कुठपर्यंत? इथे ती अडकली. मग आम्ही पक्ष्यांच्या पुस्तकातला फोटो पाहिला आणि यादी पूर्ण केली.

यादी अशी झाली. अंग राखाडी. डोकं आणि मानेचा वरचा भाग लाल, आणि तिथे पिसं नाहीत, उघडी कातडी आहे. टाळूवर मात्र लाल नाही, तिथे फिकट राखाडी-हिरवट टोपी घातल्यासारखी दिसते. पाय गुलाबी-लालसर. चोच लांब आणि सरळ. उंची दीड मीटरच्या वर, म्हणजे आत्याच्या खांद्याच्याही वर. आणि सारस झाडावर बसत नाही. त्याचं मागचं बोट लहान आणि वर असतं, त्यामुळे त्याला फांदी धरता येत नाही. तो जमिनीवर आणि उथळ पाण्यात वावरतो, गवत-काड्यांचा ढीग करून तिथेच घरटं करतो.

या यादीला अर्धा तास गेला. माझ्या मते सगळ्या प्रकारात हाच अर्धा तास सर्वात मोलाचा होता. यादी नसेल तर मशीनने काय चुकवलं हे मुलाला कळायला मार्गच उरत नाही.

पायरी दुसरी : आधी पेन्सिल

यादी झाल्यावर मुलीने ए-फोर कागदावर पेन्सिलीने चित्र काढलं. ते तुमच्याकडे पाठवतो आहे. त्यात सारस कागदाच्या मधोमध नाही. जोडी डावीकडे, लांब आणि लहान आहे. पुढे आडवा धुरा आहे, त्यावर तिची आत्या छत्री घेऊन उभी आहे. उजवीकडे चार बायका वाकून परे रोवत आहेत. आणि अगदी मागे, आभाळाच्या कडेला, वीज केंद्राच्या उंच चिमण्या आहेत, कारण तिरोड्याच्या आजूबाजूला त्या दिसतातच.

प्रमाण चुकलंय, बायकांचे हात काड्यांसारखे आहेत. पण कोण कुठून बघतंय हे त्या चित्रात स्पष्ट आहे. धुऱ्यावर उभी असलेली एक मुलगी बघते आहे. पेन्सिलीचं चित्र आधी का काढायचं, याचं कारण इथेच आहे. मशीनचं चित्र आधी पाहिलं की मुलाच्या डोक्यातली मांडणी पुसली जाते आणि मग ते त्याच चित्राची नक्कल करतं. तिसऱ्या आठवड्यात एकदा क्रम मुद्दाम उलटा करून पाहिला, विषय होता तान्हा पोळा. तेव्हा मुलीने कागदावर जे काढलं, त्यात एकच नंदी होता, अगदी मधोमध आणि समोरून, स्क्रीनवर होता तसाच. पोरांची रांग, तोरण, गल्ली, काहीच नव्हतं.

पायरी तिसरी : पहिला प्रॉम्प्ट

आता मोबाईल उघडला. खातं माझं, टाइप मी करणार, शब्द तिचे. तिचा पहिला प्रॉम्प्ट एवढाच होता :

"धानाच्या बांधीत सारस"

चित्र आलं. झकास दिसत होतं. मी काही बोललो नाही, तिच्यासमोर यादी ठेवली आणि लाल पेन दिला. दोन मिनिटांत ती म्हणाली, "बाबा, याची मान काळी काऊन आहे?" खरंच, अंग पांढरं, मान काळी, टाळूवर लाल ठिपका. तो जपानकडचा क्रौंच होता, आपला सारस नव्हता. शेत डोंगराच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांचं होतं. मागे निळे डोंगर, त्यामागे मावळता सूर्य. तिने लिहिलं : मान चूक, अंग चूक, टाळू चूक, डोंगर चूक, शेत चूक, चिमण्या नाहीत, आत्या नाही.

असं का होतं हे मुलीला समजेल अशा शब्दांत सांगितलं, ते तुमच्याही कामी येईल. हे मशीन सारसाला ओळखत नाही. त्याला असंख्य चित्रं आणि त्यांच्याखालची वर्णनं दाखवून शिकवलेलं असतं. कोणत्या शब्दासोबत कसे आकार आणि रंग येतात, एवढं ते शिकतं. चित्र काढताना ते बहुधा टीव्हीवरच्या मुंग्यांसारख्या ठिपक्यांच्या गोंधळातून सुरुवात करतं आणि आपल्या शब्दांना जुळेल अशा दिशेने तो गोंधळ हळूहळू साफ करत जातं. शिकवलेल्या वर्णनांत इंग्रजी फार आणि मराठी थोडी. लाल टाळूच्या त्या पांढऱ्या पक्ष्याची चित्रं जगात खूप, गोंदियाच्या सारसाची कमी. धानशेती म्हटलं की डोंगरउतारावरच्या पायऱ्यांचे फोटो खूप, आपल्या सपाट बांध्यांचे कमी. जिथे माहिती कमी पडते तिथे ते सांगत नाही की मला माहीत नाही. जे जास्त वेळा पाहिलं तेच भरून टाकतं.

मुलीने यावर आपलंच एक वाक्य केलं : "म्हणजे जे आपण सांगत नाही, ते तो मनाचं टाकतो." पहिल्या प्रॉम्प्टमधून शिकायचं ते एवढंच.

पायरी चौथी : एका वेळी एकच दुरुस्ती

मुलांना एकदम सगळं बदलायचं असतं. मग चित्र सुधारलं तर कोणत्या शब्दामुळे सुधारलं ते कळत नाही. म्हणून नियम केला : एका फेरीत एकाच गोष्टीवर काम. दुसऱ्या फेरीत फक्त पक्षी.

"धानाच्या बांधीत सारस क्रेन पक्ष्यांची जोडी. अंग राखाडी. डोकं आणि मानेचा वरचा भाग लाल. टाळू फिकट राखाडी. पाय गुलाबी."

इथे "सारस क्रेन" हे दोन शब्द मी सुचवले, कारण या पक्ष्याचं इंग्रजी नाव तेच आहे आणि मशीनने ते जास्त वेळा वाचलेलं असणार. नुसतं "क्रेन" लिहिणं धोक्याचं असतं. इंग्रजीत बांधकामावर वजन उचलणाऱ्या यंत्रालाही तेच नाव आहे.

या वेळी पक्षी बराच जमला. मान लाल, अंग राखाडी. टाळू मात्र लालच राहिली. पण जोडीऐवजी तीन पक्षी आले. मोजणीत ही साधनं अजूनही चुकतात, म्हणून प्रत्येक चित्रात पक्षी, पाय, बोटं मोजायची सवय मुलीला लावली. एका पक्ष्याचा एक पाय पाण्याखाली कुठे गेला ते सापडेना.

तिसऱ्या फेरीत फक्त जागा. मुलीने आधी लिहिलं, "डोंगर नको." डोंगर पुन्हा आले. ही खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. अनेक साधनं "नको" आणि "नाही" या शब्दांकडे नीट लक्ष देत नाहीत. "डोंगर" शब्द दिसला की डोंगर काढतात. मुलीला विचारलं, "डोंगर नाही, तर मग तिथे काय आहे?" ती म्हणाली, "सपाट. लांबपर्यंत बांध्याच बांध्या. मग चिमण्या." तेच लिहिलं :

"जमीन लांबपर्यंत सपाट. मातीच्या बुटक्या धुऱ्यांनी पाडलेले पाण्याने भरलेले चौकोन. आभाळाच्या कडेला वीज केंद्राच्या उंच चिमण्या. पावसाळ्याचं ढगाळ आभाळ. बघणारा धुऱ्यावर उभा आहे, पक्षी डावीकडे लांब आणि लहान दिसतात."

"बांधी" आणि "धुरा" हे आपल्या झाडीपट्टीचे शब्द. मशीनला ते कळतील याचा भरवसा नाही, म्हणून त्यांचं वर्णन करावं लागलं. मुलीला हे आधी खटकलं, पण भाषेचा हा उत्तम धडा ठरला. रोज वापरलेला शब्द परक्याला समजावून सांगायचा तर ती वस्तू पुन्हा नीट बघावी लागते. धुरा किती उंच असतो, बांधी चौकोनी असते की वाकडीतिकडी, हे तिने आजोबांना विचारलं.

डोंगर गेले, चिमण्या आल्या. पण पक्षी अजून जवळ आणि मोठेच होते, थोडे डावीकडे सरकले एवढंच. मुख्य गोष्ट मधोमध, मोठी, मागचं धूसर, उजेड सोनेरी : ही या साधनांची आवडती मांडणी आहे. ती मोडणं कठीण जातं.

पायरी पाचवी : तीन फेऱ्या झाल्या की थांबायचं

तीन फेऱ्यांनंतर मोबाईल बंद, हे आधीच ठरलेलं होतं. नाहीतर मूल एकामागून एक चित्रं काढत बसतं आणि बघणं संपतं. त्यानंतर शेवटचं चित्र आणि मुलीचं पेन्सिलीचं चित्र शेजारी ठेवली आणि दोन रकाने केले.

मशीनकडून काय घ्यायचं? पाण्यातलं पायांचं प्रतिबिंब. ते तिला सुचलं नव्हतं. पंखांच्या पिसांच्या थरांची छटा.

आपल्याकडे काय आहे जे त्याच्याकडे नाही? छत्रीवाली आत्या. रोवणाऱ्या बायका मागे-मागे सरकतात, म्हणजे रोवलेले परे त्यांच्या तोंडापुढे असतात आणि मोकळी बांधी पाठीमागे. तिने ते बरोबर काढलं होतं. आम्ही नंतर वेगळं चित्र मागवून पाहिलं, तर त्यात बायका रोवलेल्या धानातच उभ्या होत्या. आणि पक्षी लांब असण्यातली गंमत. सारस माणसाला इतकं जवळ येऊ देत नाही, हे तिला माहीत आहे.

मग तिने नवा कागद घेतला आणि चित्र पुन्हा काढलं. पायांखाली प्रतिबिंब आलं, आत्या जागच्या जागी राहिली. आठ दिवस बंद असलेली पेन्सिल अशी सुरू झाली. मशीनचं चित्र चुकलंय हे तिला स्वतःच्या यादीवरून सिद्ध करता आलं, म्हणून सुरू झाली, असं मला वाटतं. माझ्या कौतुकाने ते झालं नसतं.

घरी पाळलेले काही नियम

खातं पालकाचंच असावं. अशा बऱ्याच साधनांच्या अटींत वयाची अट असते, अनेक ठिकाणी ती किमान १३ वर्षांची आहे. पाचवीतल्या मुलाने खोटं वय टाकून खातं उघडणं योग्य नाही. मुलाचा, वर्गमित्रांचा, शिक्षकांचा फोटो टाकून "याचं कार्टून कर" हे आम्ही पूर्ण बंद ठेवलं. आपल्या देशातला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या सर्वांना मूल मानतो आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागेल असं सांगतो. पण दुसऱ्याच्या मुलाची संमती आपण देऊ शकत नाही, हे मुलीलाही पटलं. नाव, शाळा, गावातला पत्ता प्रॉम्प्टमध्ये लिहायचा नाही.

चित्रात मराठी अक्षरं मागवायची नाहीत. पाटीवर "धान खरेदी केंद्र" लिहायला सांगितलं, तर वेलांट्या भलतीकडे आणि जोडाक्षरं तुटलेली आली. अक्षरलेखन हाताने करावं.

मशीनचं चित्र प्रिंट केलं तर मागे लिहायचं : कोणत्या साधनाने केलं, तारीख, पूर्ण प्रॉम्प्ट. हे चित्र "मी काढलं" म्हणून शाळेत द्यायचं नाही.

तुमच्याकडे एक मागणं

सर, घरून असं चित्र आलं तर नुसतं ते एकटं स्वीकारू नका, असं सुचवावंसं वाटतं. चार कागद मागा : मुलाची निरीक्षणाची यादी, आधीचं पेन्सिलचित्र, लाल पेनने चुका दाखवलेली प्रिंट आणि त्यानंतरचं हाताने काढलेलं चित्र. प्रिंट काढणं परवडत नसेल तर चुकांची यादी वहीत चालेल. गुण द्यायचे तर पहिल्या आणि शेवटच्या कागदाला द्या. ज्याने मशीनकडून करून घेतलं त्याच्याकडे यादी नसेल, आणि ज्याने बघितलं त्याच्याकडे ती असेलच. फरक तुम्हाला लगेच कळेल.

ज्यांच्या घरी मोबाईल नाही त्या मुलांचं यात काही अडत नाही. वर्गात एक मूल वर्णन वाचेल आणि दुसरं मूल, ज्याने ती वस्तू पाहिलेली नाही, फक्त ऐकून काढेल. जे सांगितलं नाही ते दुसरं मूलही मनाचंच टाकेल. बोडीवरचा मासे पकडायचा फासा, पोळ्यातली बैलजोडी, आजीची चूल, कोणताही विषय चालेल.

मुलीची दोन्ही पेन्सिलचित्रं सोबत आहेत. दुसऱ्या चित्रातल्या बायकांचे हात अजूनही काड्यांसारखेच आहेत. वाकलेल्या माणसाचा खांदा आणि कोपर कसा बघायचा, ते तिला तुमच्याकडूनच शिकायचं आहे. मशीनकडून तिने ते घेतलं नाही, कारण तिथल्या एका बाईला सहा बोटं होती आणि ती तिने मोजली.

आपला,
एक पालक, तिरोडा